‘आज उघडं आहे का?’ एवढंच विचारलं, तर काय कळवायचं?

अंत्रुजकर
फोंड्यात मामलेदार कचेरीजवळ आमचं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गेल्या शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला, ‘आज उघडं आहे का?’ नाव नाही, काम नाही. मी लिहिलं, ‘हो, उघडं आहे.’ 11 च्या सुमारास शिरोड्याहून एक आजोबा नातीला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत कागद नीट घडी करून ठेवलेले. त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणजे कचेरीत जायचं होतं. मी खोटं बोललो नव्हतो, पण त्यांची फेरी फुकट गेली. अशा मेसेजला थेट उत्तर द्यावं, की आधी ‘कुठलं?’ म्हणून विचारावं?

पेडण्याची सून
आधी विचारायचं. दोन शब्दांचं काम आहे. ज्याला गरज आहे तो सांगेल. आपण अंदाज बांधायचा आणि चुकला की मनाला लावून घ्यायचं, हे कशाला?

मास्तर_म्हापसा
मला वाटतं उत्तर मेसेजमध्येच होतं. मराठीत लिंग बोलतं. बँक असती तर ‘उघडी’ म्हटलं असतं, दवाखाना असता तर ‘उघडा’. ‘उघडं’ म्हणजे दुकान किंवा ऑफिस, आणि नंबर दुकानाचा. तुम्ही बरोबर उत्तर दिलंत.

कारकून होतो
मास्तर, अर्धंच पटलं. ‘उघडी’ आलं तर बँक किंवा लायब्ररी धरायला हरकत नाही, तिथे लिंगाचा उपयोग होतो. पण कशाचं ते मनात ठरवून न बोलणारा माणूसही ‘उघडं’च म्हणतो. त्यामुळे ‘उघडं’वरून काहीच कळत नाही. शिवाय जागा एकच असते आणि शब्द दोन. ‘कचेरी’ म्हणणारा ‘उघडी’ लिहील, ‘ऑफिस’ म्हणणारा ‘उघडं’. त्यात निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात. तिथे अनुस्वार गळतो आणि ‘उघडा’, ‘उघडं’ सारखेच दिसतात.

मी 31 वर्षं सरकारी टेबलावर काढली. अंत्रुजकर, तुमचा शनिवार कितवा होता?

अंत्रुजकर
तिसरा.

कारकून होतो
मग एकाच प्रश्नाची तीन खरी उत्तरं होती. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना गोव्यात शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे मामलेदार बंद. बँकांना फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, त्यामुळे तिसऱ्याला त्या उघड्या. आणि तुमचं दुकान उघडं. शनिवारी हा प्रश्न आला की शंका घ्यायची ती इथेच. मंगळवारी सकाळी 10 ला तोच मेसेज आला असता, तर तिन्हींचं उत्तर ‘हो’ होतं आणि ‘कुठलं?’ विचारायची गरजही नव्हती.

म्हणजे नेहमी विचारा किंवा कधीच विचारू नका, असं नाही. आसपासच्या जागांची उत्तरं त्या दिवशी वेगवेगळी असतील तरच विचारायचं. 3 डिसेंबरला सायबाच्या फेस्ताची सुट्टी असते, तेव्हा कचेरी बंद आणि फोंड्याच्या बाजारातली दुकानं चालू. तोही तसाच दिवस.

दिवाडकर
आमच्या बेटावर कोणी विचारलं तर फेरीबोटीबद्दलच असतं, आणि ती सुट्टीच्या दिवशीही असते. आम्ही सरळ ‘आसा’ म्हणून मोकळे होतो. एवढा विचार कशाला करता?

पेडण्याची सून
दिवाडकर, फेरीबोट ‘चालू’ असते, ‘उघडी’ नसते. तुमच्याकडे विचारण्यासारखी गोष्ट एकच. यांच्या दुकानाच्या आजूबाजूला चार आहेत.

कोलवा_फार्मसी
मला शनिवारपेक्षा वेळेची जास्त काळजी. आमच्याकडे पावणेएकला मेसेज येतो, ‘आज उघडं आहे का?’ मी ‘हो’ लिहिलं तर ते खरंच असतं, पण 1 वाजता आम्ही शटर ओढतो आणि 4 ला उघडतो. बाणावलीहून निघालेला माणूस सव्वाला कुलूप बघतो. म्हणून मी ‘हो’ कधीच लिहीत नाही. लिहिते, ‘आता 1 पर्यंत, मग 4 ते 8.’ कोण आहे, काय हवंय, विचारतही नाही. गोव्यात दुपारच्या झोपेची वेळ सांगितली नाही तर ‘आज’ला अर्थ नाही.

मास्तर_म्हापसा
मग गूगलवर वेळ टाकून ठेवा ना. लोक तिथे बघतील.

कोलवा_फार्मसी
टाकली आहे. दोन पाळ्या वेगळ्या भरल्या तरच मधली दुपार बंद दिसते. आधी मी 9 ते 8 अशी एकच भरली होती, तेव्हा भर दुपारी ‘उघडे’ दाखवत होतं. आणि जे मेसेज करतात त्यातले बरेच तिथे बघणारे नसतातच.

अंत्रुजकर
कारकूनकाका, पटलं. पण त्या दिवशी मी ‘कुठलं?’ विचारलं असतं तर? मेसेज 8 वाजून 10 मिनिटांनी आला होता. नात म्हणाली, आजोबांनी माझं ‘हो’ वाचून फोन खिशात ठेवला आणि साडेआठची बस धरली. उलट प्रश्न त्यांनी बसमध्ये बसल्यावर वाचला असता.

कारकून होतो
म्हणून नुसतं ‘कुठलं?’ पाठवू नका. प्रश्न विचारा, पण उत्तर न आलं तरी माणूस फसणार नाही असा. तुमच्या जागी मी हे पाठवलं असतं:

‘मामलेदार कचेरी आज बंद (शनिवार). आमचं झेरॉक्सचं दुकान 1 पर्यंत उघडं. तुम्हाला कुठे जायचंय?’

‘बंद’ पहिल्या ओळीत हवं. फोनवर वर सरकणाऱ्या पट्टीत सुरुवातीचे चार शब्द दिसतात, आणि घाईतला माणूस तेवढ्यावरच निघतो. ‘दुकान उघडं’ आधी लिहिलं असतं तर आजोबा त्याच बसला असते.

पेडण्याची सून
मला हे जास्त वाटतं. आज मामलेदार लिहिलं, मग बँक, मग पोस्ट, मग आधारवाले. दुकानदाराने अख्ख्या फोंड्याचं वेळापत्रक का सांभाळायचं? आणि एखाद्या दिवशी तुमची माहिती चुकली तर तो माणूस पुन्हा तुमच्याच दारात येणार. आपल्या दुकानापुरतं बोलावं.

कारकून होतो
बँक आणि पोस्ट नको, मान्य. पाच नावं लिहिली तर वाचणाऱ्याला त्यातलं आपलं सापडत नाही. पण गिऱ्हाईक ज्या एका जागेमुळे तुमच्या दारात येतं, तिचं नाव तरी घ्यायला हवं. दाखल्याच्या कागदांची झेरॉक्स काढणारा माणूस तुमच्यासाठी येत नाही, कचेरीसाठी येतो.

अंत्रुजकर
आमच्याकडे सकाळी येणारे जवळपास सगळे कचेरीचेच. मी शनिवारसाठी हाच मजकूर फोनमध्ये साठवून ठेवलाय, फक्त ‘सोमवारी या’ जोडलं.

कोलवा_फार्मसी
भाऊ, ‘सोमवारी’ लिहिण्याआधी सोमवार सुट्टीचा नाही ना, ते दर वेळी बघा. चवथ सोमवारी आली तर मंगळवारही सुट्टीचा असतो.

पेडण्याची सून
बघा, म्हणजे आता सुट्ट्यांची यादीही आली. मी अजूनही ‘कुठलं?’वरच आहे.

अंत्रुजकर
‘सोमवारी’ काढून टाकलं.