मदत हवी आहे: करन्सी स्वॅपची किंमत पुस्तकाशी जुळत नाही

अडकलोय_स्वॅपमध्ये: उद्या पेपर आहे, कोणीतरी पटकन सांगा. 1 कोटी युरो आणि 1.1 कोटी डॉलरचा स्वॅप, युरोवर 3%, डॉलरवर 5%, व्याज वर्षातून एकदा. दोन वर्षं उरलीत. आत्ताचे दर युरोचे 2%, डॉलरचे 4%, एक युरो 1.20 डॉलर. मी सगळे युरो 1.20 ने डॉलर करून घेतले आणि 4% ने डिस्काउंट केलं तर 5.66 लाख डॉलर तोटा येतोय, पुस्तकात 10.38 लाख आहे. कुठे गडबड आहे?

रेवा_क: युरो देताय की घेताय ते लिहिलंच नाहीये. तोटा कोणाचा?

अडकलोय_स्वॅपमध्ये: युरो द्यायचे, डॉलर घ्यायचे. शेवटी मुद्दलपण परत.

शिक्का: स्पॉट नको, फॉरवर्ड घ्या. पहिल्या वर्षाचा 1.2 × 1.04 / 1.02 म्हणजे 1.2235, दुसऱ्याचा 1.2475. दरवर्षी 5.5 लाख डॉलर येतात आणि 3 लाख युरो जातात, फरक काढून 4% ने डिस्काउंट करा. मुद्दल धरायचं नाही, ते दोन्हीकडून कटतं. मला 3.38 लाख फायदा येतोय, पुस्तकात चूक असणार.

जुनाडीलर: शिक्का, तुमचा फॉरवर्ड अगदी बरोबर आहे, पण मुद्दल कटतं ते एकाच चलनातल्या रेट स्वॅपमध्ये, कारण तिथे दोन्हीकडे तीच रक्कम असते. इथे शेवटी 1.1 कोटी डॉलर येणार आणि 1 कोटी युरो जाणार. हा भाव सुरुवातीला 1.10 ने ठरला, आज युरो 1.20 झालाय, तरी परत करायचे युरो तेवढेच. खरा तोटा तिथेच आहे, व्याजात नाही. सुरुवातीची अदलाबदल मात्र धरू नका, ती होऊन गेली.

आणि धागाकर्ते, युरोचे पैसे युरोच्याच दराने डिस्काउंट करायचे, मग 1.20 ने गुणायचं. तुम्ही युरोला 4% लावलेत त्यामुळे देणं कमी दिसतंय. दोन बाँड समजा. डॉलरचा बाँड 5.5/1.04 + 115.5/1.0816 = 112.07 लाख. युरोचा 3/1.02 + 103/1.0404 = 101.94 लाख युरो, म्हणजे 122.33 लाख डॉलर. फरक 10.26 लाख तोटा. शिक्कांच्या पद्धतीत दुसऱ्या वर्षी मुद्दल घातलंत तर हेच येतं. नाही आलं तर गणितात कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं, म्हणून मी कायम दोन्हीकडून काढतो.

शिक्का: मुद्दल घालून केलं, 10.26 आलं. मान्य. पण पुस्तकात 10.38 आहे ना?

प्रवासीपक्षी: मला परदेशी चलनात कर्ज मिळतंय, तिकडे व्याज कमी आहे. घेऊ का?

जुनाडीलर: पगार त्या चलनात नसेल तर आधी विचार करा. वरच्याच उदाहरणात युरोचं व्याज 2% कमी होतं, तरी युरो महागला तेव्हा मुद्दलानं ते सगळं खाल्लं. बाकी वेगळा धागा काढा.

रेवा_क: धागाकर्ते, 2% आणि 4% वर्षाला एकदा चक्रवाढ आहेत की सतत चक्रवाढ? प्रश्नात कुठेतरी लिहिलेलं असेल, नीट बघा.

अडकलोय_स्वॅपमध्ये: हो, वरच्या ओळीत 'कंटिन्यूअस' आहे. मला वाटलं त्याने काही फरक पडत नाही.

रेवा_क: पडतो. 1.04 च्या जागी e^0.04, 1.02 च्या जागी e^0.02 घाला. डॉलरचा बाँड 111.90, युरोचा 101.90 येतो, त्याचे 122.28 लाख डॉलर, तोटा 10.38 लाख. पुस्तक बरोबर आहे. कूपन 3% आणि 5% तसेच ठेवायचे, त्यांना e लावायचा नाही.

शिक्का: पेपरात ठीक, पण बाजारात डीलरचा भाव या सूत्राशी जुळतच नाही.

जुनाडीलर: कारण हा फॉरवर्ड दोन देशांच्या व्याजदरांचा मेळ अचूक बसतो असं धरतो. 2008 च्या संकटापासून तो फारसा बसत नाही, डॉलरची चणचण असली की मधे बेसिस नावाचा फरक येतो, आणि तो युरोच्या दरात मिळवून मग डिस्काउंट करतात.

शिक्का: युरोच्याच का? डॉलरच्या का नाही?

जुनाडीलर: प्रथा तशी आहे, बेसिस डॉलर नसलेल्या बाजूला लावतात.

रेवा_क: पण तारण युरोत ठेवलेलं असेल तर डिस्काउंटचा दरच बदलतो. मग बेसिस कुठल्या बाजूला मोजायचा?

इतिहासवेडा: 1981 मध्ये वर्ल्ड बँक आणि आयबीएम यांचा स्वॅप झाला तेव्हा आयबीएमच्या स्विस फ्रँक आणि मार्कच्या कर्जांवरचे हप्ते वर्ल्ड बँकेच्या डॉलर कर्जाच्या हप्त्यांशी बदलले होते. तेव्हा बेसिस, तारण वगैरे कोणी मोजत होतं का?

अडकलोय_स्वॅपमध्ये: 10.38 आलं, मनापासून आभार. अजून एक, पुढचं व्याज चार महिन्यांनी असेल तर वर्षं 1/3 आणि 4/3 धरायची ना?

रेवा_क: हो, पैसे असतील त्या तारखेपर्यंतचीच. आणि पुढच्या हप्त्यात व्याज पूर्ण वर्षाचं धरा, चार महिन्यांचं नाही.