उचलताच उडी मारणारे कार्ड आणि ‘मध्य पॉइंटरखाली आणा’ हा तोडगा

सरळरेषा: टास्क-बोर्ड लिहितो आहे. कार्ड उचलले की ते उडी मारून आपला डावा-वरचा कोपरा पॉइंटरखाली आणत असे. मी `left` मधून निम्मी रुंदी आणि `top` मधून निम्मी उंची वजा केली. आता कार्डाचा मध्य पॉइंटरखाली येतो आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला आहे. नेमके कुठे पकडले याचा ऑफसेट मोजत बसणे ही निव्वळ हौस आहे. कोणाचे मत वेगळे असल्यास सांगावे.

रात्रपाळी: मत वेगळे आहे, आणि आमच्याकडे नेमका हाच तोडगा कोणीतरी घालून ठेवल्यामुळे दोन आठवडे गेलेले असल्याने जरा सविस्तर लिहिते.

आपले कार्ड २४० पिक्सेल रुंद आणि ८० उंच आहे असे धरू. ते पडद्यावर ४००, २०० येथे आहे, आणि माणसाने ते उजव्या बाजूला ५८०, २५० येथे दाबले. म्हणजे पकड कार्डाच्या कोपऱ्यापासून १८० आत आणि ५० खाली आहे. आपला आधीचा कोड कोपरा थेट ५८०, २५० वर नेत होता, म्हणून कार्ड १८० पिक्सेल उजवीकडे आणि ५० खाली उडत होते. आता आपण निम्मे वजा करता, तेव्हा कोपरा ४६०, २१० वर जातो. म्हणजे कार्ड अजूनही ६० उजवीकडे आणि १० खाली उडते. उडी गेलेली नाही, लहान झाली आहे. आपण चाचणी घेताना कार्ड साधारण मध्यावर धरत असाल, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. कार्डाच्या कडेला धरून पाहावे.

करायचे आहे ते एवढेच:

```js
card.addEventListener('pointerdown', e => {
  const r = card.getBoundingClientRect();
  dx = e.clientX - r.left;
  dy = e.clientY - r.top;
  card.setPointerCapture(e.pointerId);
});
```

पुढे प्रत्येक हालचालीत `clientX` मधून `dx` आणि `clientY` मधून `dy` वजा करावे. या चार ओळींना हौस म्हणणाऱ्याने निम्म्या रुंदीचा हिशोब तरी कशाला केला, हे मला कळलेले नाही.

सरळरेषा: टोमणा पोचला. तरीही एक सांगावेसे वाटते. ऑनलाइन बुद्धिबळात प्यादे कुठेही धरले तरी ते पॉइंटरच्या मध्यावर आणून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. उलट प्यादे कोणत्या घरावर आहे हे त्यामुळे अधिक स्पष्ट कळते. मग माझ्या कार्डानेच काय गुन्हा केला?

रात्रपाळी: प्यादे घराएवढेच असते. ६० पिक्सेलच्या घरात मध्यावर येण्यासाठी ते फार तर ३० पिक्सेल सरकते, आणि सोडल्यावर ते घराच्या मध्यावरच बसणार असते. आपले कार्ड २४० रुंद आहे. कडेला धरले तर ते १२० सरकेल. बुद्धिबळाचा दाखला बुद्धिबळापुरता मान्य आहे.

पिंपळपान: एवढा खटाटोप कशासाठी? ब्राउझर स्वतःच `offsetX` आणि `offsetY` देतो. दाबताना ते साठवावे आणि पुढे वजा करावे. `getBoundingClientRect` ची गरजच नाही. मी तीन वर्षे हेच वापरतो आहे आणि आजवर एकही तक्रार आलेली नाही.

रात्रपाळी: तक्रार आली नाही याचा अर्थ आपल्या कार्डांत काहीच ठेवलेले नाही. `offsetX` हा ज्या घटकावर दाबले त्याच्यापासून मोजला जातो, ज्याला आपण हलवतो त्याच्यापासून नव्हे. कार्डात उजवीकडे २०० पिक्सेलवर एखादे चिन्ह असेल आणि माणसाने त्या चिन्हाच्या आत १० पिक्सेलवर दाबले, तर `offsetX` १० मिळेल. हवा होता २१०. कार्ड २०० पिक्सेल उजवीकडे उडेल. त्याच कार्डाच्या रिकाम्या जागेवर दाबले तर सगळे सुरळीत चालेल. त्यामुळे “कधीकधी उडते, कधीकधी नाही” अशी नोंद येते आणि ती “पुन्हा घडवता आली नाही” या शेऱ्यानिशी बंद होते. शिवाय `offsetX` बॉर्डरच्या आतल्या कडेपासून सुरू होतो, म्हणून जाड बॉर्डर असेल तर तेवढी छोटी उडी कायम राहते.

पिंपळपान: आतल्या चिन्हाला `pointer-events: none` लावले की झाले. पण ठीक आहे, ते सांगायचे राहिले होते. माझा खरा प्रश्न मात्र निराळा आहे. आपली पद्धत मीही एका ठिकाणी वापरली होती. डावीकडे ३०० पिक्सेलचा साइडबार घातला आणि त्या दिवसापासून प्रत्येक कार्ड उचलताच बरोबर ३०० पिक्सेल उजवीकडे जाऊ लागले. मग आपल्या ऑफसेटने काय साधले?

रात्रपाळी: ऑफसेटने त्याचे काम केले, चूक दुसरीकडे आहे. `clientX` ब्राउझरमध्ये पान दिसते त्या भागाच्या कोपऱ्यापासून मोजला जातो आणि `left` बोर्डाच्या कोपऱ्यापासून. साइडबार नव्हता तोवर दोन्ही कोपरे एकच होते, म्हणून चूक झाकली गेली. बोर्डाच्या चौकटीचा `left` वजा करावा, आणि बोर्ड आतल्या आत स्क्रोल होत असेल तर त्याचा `scrollLeft` मिळवावा.

या दोन चुका ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एकच कार्ड आधी डाव्या कडेला आणि नंतर उजव्या कडेला धरून उचलावे. उडीचे अंतर पकडीप्रमाणे बदलत असेल, तर पकडीचा ऑफसेट चुकला आहे. कुठेही धरले तरी उडी तेवढीच असेल, तर मोजणीचे मूळ चुकले आहे.

फळा_आणि_खडू: मी शिक्षिका आहे, व्यावसायिक प्रोग्रामर नाही. मुलांसाठी महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे तुकडे जोडायचा खेळ करते आहे. वरील चर्चा वाचून ऑफसेट घातला आणि उडी गेली, याबद्दल आभार. पण आता गडचिरोली उचलून ओढू लागले की तुकडा बोटाच्या मागे मागे पडत जातो आणि नागपूरपर्यंत येईतो बोट बरेच पुढे निघून गेलेले असते. नकाशाचा `viewBox` १००० रुंद आहे आणि पडद्यावर तो ५०० पिक्सेलमध्ये दिसतो. याचा काही संबंध असेल का?

जुना_माऊस: ताई, हे संगणक संथ असल्याचे लक्षण आहे. आमच्या कार्यालयातही कर्सर असाच मागे पडत असे. मेमरी वाढवल्यावर थांबले. ऑफसेटच्या नादी लागू नये.

रात्रपाळी: मेमरीचा येथे काहीही संबंध नाही. संथ संगणकावर बोट थांबवले की तुकडा उशिराने का होईना, बोटापर्यंत येऊन पोचतो. ताईंचा तुकडा पोचतच नाही. ताई, शंका आपणच बरोबर घेतली आहे. आपल्या नकाशात पडद्यावरचा १ पिक्सेल म्हणजे २ एकके. बोट १०० पिक्सेल सरकते तेव्हा आपण तुकडा १०० एकके सरकवता, म्हणजे पडद्यावर ५० पिक्सेल. `getScreenCTM().inverse()` वापरून बोटाचा बिंदू आधी नकाशाच्या एककांत आणावा आणि ऑफसेटसुद्धा त्याच एककांत मोजावा. उचलतानाच एकदा उडी बसली तर ती ऑफसेटची चूक असते. अंतर हळूहळू वाढत गेले तर प्रमाणाची.

अर्धविराम: सगळे ऑफसेट कसा मोजावा यावर बोलत आहेत, पण तो कधी मोजावा हे कोणीच बोललेले नाही. कार्डावर क्लिक केल्यावर ते उघडत असेल, तर पॉइंटर पाचेक पिक्सेल हलल्याशिवाय ड्रॅग सुरू करता येत नाही. रात्रपाळी यांच्या कोडप्रमाणे दाबतानाच ऑफसेट घेतला, तर ड्रॅग सुरू होण्याच्या क्षणी कार्ड पाच पिक्सेलची उडी मारतेच. म्हणून तो ड्रॅग सुरू होताना घ्यावा. ज्यांनी उडीवर एवढे प्रवचन दिले, त्यांच्याच कोडात उडी आहे, याची मौज वाटते.

रात्रपाळी: मौज जपून वाटून घ्यावी. हालचालीच्या नोंदी प्रत्येक पिक्सेलला येत नाहीत. माणसाने झटक्यात ओढले तर पाचाची मर्यादा ओलांडणारी पहिलीच नोंद ४० पिक्सेलवरची असू शकते. पकडायचे चिन्ह २४ पिक्सेलचे असेल, तर आपला ऑफसेट चिन्हाच्या बाहेरचा येईल, आणि पुढे सगळा वेळ ती वस्तू पॉइंटरला स्पर्श न करता त्याच्यामागून चालत राहील. त्यापेक्षा पाच पिक्सेलची उडी परवडली. धरलेला बिंदू पुन्हा पॉइंटरखाली तरी येतो.

अर्धविराम: मग आपल्या पद्धतीत त्याच झटक्यात कार्ड ४० पिक्सेलची उडी मारेल, ते कसे चालते? आणि आपण ‘परवडली’ म्हणता, तेच तर सरळरेषा पहिल्यापासून म्हणत होते!

रात्रपाळी: त्यांची उडी कार्डाला पकडीपासून दूर नेते आणि माझी पकडीकडे परत आणते. एवढा फरक दिसत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

अर्धविराम: बोलण्यात अर्थ आहे, कारण मोबाइलवरचे उदाहरण अजून आपण ऐकलेले नाही. आमच्या बोर्डावर ३०० मिलिसेकंद बोट दाबून धरल्यावर कार्ड उचलले जाते. एकदा तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणीतरी यादीच्या सुरुवातीला नवे कार्ड टाकले आणि बोटाखालचे कार्ड ८० पिक्सेल खाली सरकले. ऑफसेट दाबतानाचा होता, आणि उचलताच कार्ड ८० पिक्सेल वर उडाले. ग्राहकासमोर, चालू सादरीकरणात. तेव्हापासून मी दाबतानाच्या मापावर विश्वास ठेवत नाही.

रात्रपाळी: हे उदाहरण मान्य करावे लागते, मनापासून नसले तरी. मात्र त्यातून आपला निष्कर्ष निघत नाही. आपल्या प्रसंगात बोट स्थिर होते आणि कार्ड हलले. माझ्या प्रसंगात कार्ड स्थिर होते आणि पॉइंटर हलला. दाबून धरण्याच्या पद्धतीत उचलतानाचे माप घ्यावे, ओढण्याच्या पद्धतीत दाबतानाचे. किंवा दाबल्यापासून उचलेपर्यंत यादी गोठवून ठेवावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

अर्धविराम: यादी गोठवली की दुसऱ्या माणसाला वाटते की त्याचे कार्ड पोचलेच नाही. एक उडी टाळण्यासाठी नवी तक्रार ओढवून घ्यायची. असो.

पिंपळपान: कार्ड उचलल्यावर त्याचा छोटा नमुना होत असेल तर? आमच्याकडे ६०० पिक्सेलची पट्टी उचलताच २०० पिक्सेलची होते. ५०० वर धरले की ऑफसेट नमुन्याच्या बाहेरच पडतो.

रात्रपाळी: तेथे पिक्सेल नव्हे, प्रमाण टिकवावे. ५०० भागिले ६०० गुणिले २००, म्हणजे साधारण १६७.

सरळरेषा: दोन दिवसांनी परत आलो तर माझ्या धाग्यावर गडचिरोलीपासून सादरीकरणापर्यंत सर्व काही होऊन गेले आहे. कार्ड कडेला धरून पाहिले. ते उडते. विदुषींचा विजय असो. चार ओळी घातल्या आहेत. परंतु मोबाइलवर आता निराळीच पंचाईत झाली आहे: कार्ड बोटाखाली पकडल्या जागी तंतोतंत राहते आणि त्यामुळे त्यावरचे शीर्षक अंगठ्याने पूर्ण झाकले जाते. तेथे मी कार्ड मुद्दाम ४० पिक्सेल वर उचलणार आहे. ती उडी समजायची की सोय?

अर्धविराम: ४० पिक्सेल एकदम उचलले तर उडी. सोडताना मात्र कार्ड कुठे पडेल याचा हिशोब बोटावरून करणार की कार्डावरून, ते आधी ठरवा.