प्रतिसाद: नसलेला जळका वास

> सर्दी बरी झाली पण अधूनमधून वायर जळल्यासारखा वास येतो, घरात बाकी कुणालाच येत नाही. डॉक्टरकडे जावं का?

आधी मीटर, प्लग, गॅस कुणाकडून तरी एकदा चेक करून घ्या, म्हणजे तो विषय संपला. मग वास चालू असताना एकेक नाकपुडी दाबून बघा. माझ्या मावसभावाला (कोथरूडला असतो) फ्लूनंतर असाच केमिकलसारखा वास यायचा, तासन् तास, आणि उजवी नाकपुडी दाबली की गायब, म्हणजे भानगड बहुतेक नाकातच. व्हायरसने वास घेणाऱ्या पेशी दुखावतात, त्या परत जुळताना चुकीचे सिग्नल जातात म्हणे. ईएनटीने दुर्बिणीने नाक बघितलं, सायनस आणि पॉलिप नाही याची खात्री केली आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायला सांगितलं (थेट नळाचं पाणी नको हां). काही महिन्यांत आपोआप कमी झालं. दोनेक आठवड्यांत थांबलं नाही तर ईएनटी गाठाच.

पण वास अचानक येऊन मिनिटभरात जात असेल, दरवेळी अगदी तस्साच, आणि सोबत पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटणं, 'हे आधी घडलंय' वाटणं किंवा क्षणभर हरवल्यासारखं होणं, तर ती छोटी फिट असू शकते, तिथे न्यूरोलॉजिस्टच लागतो, ईईजी-एमआरआय तो ठरवेल, आणि तोवर टू-व्हीलर चालवू नका. तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर मात्र अपॉइंटमेंट वगैरे नाही, सरळ १०८ ला फोन.