कर्ज मुदतीआधी फेडताय? फोरक्लोजर स्टेटमेंट आणि बेबाकी दाखला मागतानाचे अनुभव लिहा

डोंबिवलीची_आई

आधी माझा अनुभव लिहिते, मग तुम्ही लिहा. गृहकर्जाचे 11 लाख 40 हजार मुद्दल शिल्लक होतं, व्याज 8.75 टक्के, हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला. यांच्या निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ठरवलं, कर्ज एकदाचं मिटवून टाकू. जूनमध्ये शाखेत तोंडीच सांगितलं, "किती भरायचे ते काढून द्या." काउंटरवरच्या मुलीने 20 जूनपर्यंतचं स्टेटमेंट छापून दिलं, 11,44,099 रुपये. मी तो आकडा डायरीत लिहून ठेवला आणि तारखेकडे नीट बघितलंच नाही.

मुदत ठेव मोडून पैसे हातात यायला दोन-चार दिवस गेले. 24 तारखेला आरटीजीएस केलं, अगदी 11,44,099. दुसऱ्या दिवशी बचत खात्याच्या बँकेत जाऊन हप्त्याचा ऑटो डेबिटही बंद करून आले. कर्ज संपलं, आता हप्ता कशाला जायला हवा, असा माझा हिशेब.

ऑगस्टमध्ये वसुलीचा फोन आला. चार दिवसांचं व्याज कमी पडलं होतं, 1,093 रुपये. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने मी कर्ज बंद केलंच नव्हतं, मोठी रक्कम आगाऊ भरली होती इतकंच. खातं चालू, 5 जुलैला हप्ता मागितला गेला, तो परत गेला, त्याचा दंड लागला. सगळं मिळून सतराशेच्या आसपास. पैसे लगेच भरले. पण मुलाला या कर्जात सहकर्जदार केलं होतं, आणि त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकी दिसायला लागली. त्याच महिन्यात तो गाडीच्या कर्जासाठी अर्ज करत होता. दोन रात्री झोप लागली नाही मला.

कोणी काय लिहून मागितलं, काय मिळालं, कुठे अडलं ते सविस्तर लिहा.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने कित्येकदा बघितलंय. फोरक्लोजरचा आकडा हा एका दिवसाचा असतो. तुमचाच हिशेब करून बघा. 11,40,000 चे वर्षाला 8.75 टक्क्यांनी 99,750 रुपये व्याज. त्याला 365 ने भागा, रोजचे 273 रुपये आणि काही पैसे. 5 तारखेला हप्ता गेला, तिथून 20 पर्यंत पंधरा दिवस, म्हणजे 4,099. तुमचा आकडा बरोबर जुळतो. 24 पर्यंत आणखी चार दिवस, 1,093. हेही जुळतं. बँकेने काही चुकीचं मोजलं नाही, पण तुम्हाला ते कोणी समजावूनही सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं.

म्हणून तोंडी मागू नये. अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. मी लोकांना असा मजकूर लिहून द्यायचो:

"माझे गृहकर्ज खाते क्रमांक (पूर्ण अंक) मी दिनांक (अमुक) रोजी पूर्ण फेडून बंद करू इच्छितो. कृपया त्या तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे. त्यात शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, इतर आकार असल्यास त्यांचा तपशील आणि त्या तारखेनंतर दररोज वाढणारे व्याज वेगळे दाखवावे. माझ्या नावाशी व या तारणाशी जोडलेली अन्य कर्जखाती असल्यास त्यांचे क्रमांक व शिल्लक कळवावी. रक्कम जमा झाल्यावर खाते बंद झाल्याच्या तारखेसह बेबाकी दाखला व मूळ कागदपत्रे द्यावीत."

यातलं "दररोज वाढणारे व्याज" हे सगळ्यात उपयोगी. पैसे यायला चार दिवस लागले तरी भरायचा आकडा तुम्ही घरबसल्या काढू शकता. तरी भरण्याच्या दिवशी सकाळी शाखेला एकदा विचारा, आणि शक्य असेल तर भरणा शाखेत बसून करा. "कर्ज बंद करण्यासाठी" असं लेखी सांगितलं नसेल, तर रक्कम कितीही मोठी असो, ती आगाऊ भरणा म्हणून जमा होऊ शकते.

दुसरी गोष्ट हप्त्याची. हप्त्याची मागणी तारखेच्या काही दिवस आधीच पुढे गेलेली असते. 5 चा हप्ता असेल तर 1 ते 5 मध्ये कर्ज बंद करायला जाऊ नका. हप्ताही जातो आणि पूर्ण रक्कमही, मग परताव्यासाठी खेटे. साधारण 8 ते 25 हा काळ बरा. आणि ऑटो डेबिट आपण होऊन बंद करायचा तो खातं बंद झाल्याचं लेखी हातात आल्यावरच. ताई, तुमचा दंड त्या घाईमुळे लागला.

पनवेल_ते_सीएसएमटी

काकांनी "जोडलेली अन्य कर्जखाती" लिहिलंय ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. आमचं घराचं कर्ज फिटलं, दाखला मिळाला, पेढे वाटले. महिन्याभराने मूळ करारनामा आणायला गेलो तर म्हणे, एक खातं बाकी आहे. कर्ज घेताना विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातूनच भरला होता आणि त्याचा कर्जखाते क्रमांक वेगळा होता. दाखल्यावर फक्त पहिल्या खात्याचा क्रमांक. तो कागद माझ्यापुढे टेबलावर ठेवून त्यांनी क्रमांकाखाली पेनने रेघ मारली, "बघा, हा यातला नाही." बत्तीस हजार होते. भरले, पण पुन्हा अर्ज, पुन्हा तीन आठवडे.

कायद्याचं_बोला

इतके खेटे कशाला घालता? रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. नो ड्यूज द्यायला 30 दिवसांच्या वर एक दिवस झाला की बँकेने रोजचे 5,000 रुपये द्यायचे. आणि मुदतीआधी फेडल्याबद्दल कोणतीही बँक एक पैसा आकारू शकत नाही. सरळ नोटीस पाठवा.

निवृत्त_शाखाधिकारी

दादा, निम्मं बरोबर आहे. 5,000 रुपयांचा नियम सप्टेंबर 2023 चा, 1 डिसेंबर 2023 पासून लागू. पण तो मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा काढणं यासाठी आहे. पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत ते व्हायला हवं. नुसत्या दाखल्याच्या पत्राला उशीर झाला म्हणून भरपाई मागाल तर अडाल. म्हणून अर्जात दाखला आणि मूळ कागदपत्रं दोन्ही लिहायची. कागद बँकेकडून हरवले असतील तर नक्कल मिळवून देणं आणि त्याचा खर्च बँकेवर, त्यासाठी आणखी 30 दिवस.

आकाराचं म्हणाल, तर बदलत्या व्याजाचं, व्यवसायासाठी नसलेलं वैयक्तिक कर्ज असेल तर आकार नाही. स्थिर दराचं असेल तर मंजुरीपत्र बघा, तिथे टक्केवारी लिहिलेली असू शकते. सरसकट "एक पैसा नाही" असं सांगू नका, लोक तसं धरून जातात आणि काउंटरवर वाद घालतात.

कायद्याचं_बोला

स्थिर दराचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण दाखल्याला महिने लावले तर माणसाने काय करायचं?

निवृत्त_शाखाधिकारी

आधी बँकेकडे लेखी तक्रार, तिचा क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे. तिथे त्या पोच घेतलेल्या अर्जाची प्रत लावता येते. तोंडी मागितलेल्याचा पुरावा कुठून आणणार?

कोरेगाव_सातारा

आमचं कर्ज शेतीचं. विहीर आणि पाइपलाइनसाठी वडिलांनी काढलेलं. फेडलं, निल दाखला घेतला, कपाटात ठेवला. चार वर्षांनी वाटणीच्या वेळी सातबारा काढला तर इतर हक्कात बँकेचा बोजा तसाच. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, बँकेचं पत्र आणा, त्यात गट नंबर आणि फेरफाराचा क्रमांक पाहिजे. आमच्या दाखल्यात फक्त कर्ज खाते नंबर आणि रक्कम. बँकेच्या शाखेत तोवर सगळी माणसं बदललेली, जुनं रजिस्टर शोधायलाच आठ दिवस. आता ई-हक्कवरून बोजा कमी करायचा अर्ज ऑनलाइन करता येतो, आम्ही तसाच केला, पण बँकेचं नीट पत्र जोडावंच लागतं. शेतीवाल्यांनी दाखला घेतानाच गट नंबर लिहून घ्या. ते 5,000 रुपये आम्हाला लागू होतात का काका?

निवृत्त_शाखाधिकारी

तो नियम वैयक्तिक कर्जांसाठी लिहिलेला आहे. घर, शिक्षण, वाहन ही त्यात येतात. विहीर-पाइपलाइनचं कर्ज त्यात बसवणं अवघड दिसतं. शिवाय तुमची फेड कधीची, डिसेंबर 2023 च्या आधीची असेल तर प्रश्नच मिटला.

कायद्याचं_बोला

मला वाटतं तरी मागून बघावं. नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणू देत.

नवीन_सुरुवात

मी क्रेडिट कार्डाचे दोन लाख दहा हजार होते ते एक लाख वीस हजारात मिटवले. बँकेने पत्र दिलंय. मलाही हा अर्ज द्यावा लागेल का?

पनवेल_ते_सीएसएमटी

तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला पत्र मिळालं ते तडजोडीचं. रिपोर्टमध्ये "सेटल्ड" येतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढची बँक त्यात फरक करते. उरलेले 90 हजार भरून खातं पूर्ण बंद करून मिळतं का, ते कार्डवाल्या बँकेला लेखी विचारा.

मोटारसायकल_सांगली

गाडीचं थोडक्यात. दाखल्याबरोबर बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म 35 दोन प्रतींत घ्या, आरटीओत त्याशिवाय आरसीवरून बँकेचं नाव उतरत नाही. आमच्या ना-हरकत पत्रावर 90 दिवसांची मुदत होती. मी सहा महिने ठेवलं आणि नवीन आणावं लागलं. चेसिस नंबरचा एक अंकही चुकला होता, तो तिथल्या साहेबांनी पकडला.

डोंबिवलीची_आई

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात मी पुन्हा शाखेत गेले, काकांच्या मजकुरासारखा अर्ज घेऊन. दाखला मिळाला. त्यावर खातं बंद झाल्याची तारीख 19 ऑगस्ट आहे, 24 जून नाही, आणि ते बरोबरच आहे. क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं बंद दिसायला लागलंय, पण जुलैच्या रकान्यात उशीर तसाच आहे. तो काढता येतो का, यावर शाखेत दोघांनी दोन उत्तरं दिली.

दुबईहून

ताई, तुमचा मुलगा सहकर्जदार म्हणून विचारते. मूळ कागद घ्यायला दोघांनाही जावं लागलं का? मी इथे, आई कोल्हापुरात. आमच्या शाखेने सगळ्या कर्जदारांनी समक्ष या म्हणून सांगितलंय. माझ्या मैत्रिणीच्या बँकेत मात्र दूतावासातून साक्षांकित केलेल्या अधिकारपत्रावर तिच्या भावाला कागद दिले.

डोंबिवलीची_आई

आम्ही दोघं गेलो होतो, दोघांच्याही सह्या यादीवर घेतल्या. यादीत 14 कागद होते, एकेक पान उलटून बघितलं. मुद्रांक शुल्काची पावती नव्हती, ती दुसऱ्या लिफाफ्यात निघाली. आईंना एकट्यांना पाठवणार असाल तर कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी त्यांच्याकडे द्या. अधिकारपत्राचं मात्र आधी शाखेकडून ईमेलवर लेखी घ्या, मगच दूतावासात जा.