भाडेकरू गेला, घरच्यांना पत्रात हिशेब लिहावा का?

कोथरूडकर: माझा भाडेकरू, २९ वर्षांचा, अविवाहित, ११ तारखेला अपघातात गेला. आईवडील लातूरकडे असतात. लिव्ह अँड लायसन्सचे सात महिने बाकी आहेत. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००. सामान फ्लॅटमध्येच आहे. पत्र आत्ताच पाठवू का, आणि त्यात पैशांचं लिहू का?

सुमनताई: तेरावं होईपर्यंत पैशाचा शब्दही नको. पोटचा पोर गेलाय हो त्यांचा. फोन करा, भेटून या. हिशेब मागाहून.

परभणीकर: ताई, मला हे पटत नाही. माझा भाऊ बंगळुरात गेला तेव्हा घरमालक नुसते 'सावकाश बघू' म्हणत राहिले. भाडं चढतंय, या धास्तीनं आईला झोप नव्हती. 'भाडं ११ तारखेलाच थांबवलं आहे' एवढं तरी आधी कळवा.

रोखठोक: करार म्हणजे करार. नोटिशीचा महिना कापायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे.

दादरवाला: आमच्या पागडीच्या घरात वडील गेल्यावर मी भाडेकरू झालो. तसा त्याच्या वडिलांचा हक्क लागेल, जपून.

वकीलकाकू: दादरवाला, तुम्ही वडिलांसोबत राहत होतात आणि ती भाडेदारी होती. इथे परवाना त्या मुलापुरता होता, तो त्याच्याबरोबर संपला. रोखठोक, नोटीस द्यायची कोणी? गेलेल्यानं? आधीची थकबाकी वसूल करता येते, तीही त्याच्या मालमत्तेतून, आईवडिलांच्या खिशातून नाही.

कोथरूडकर, पत्र पाठवा, पण हिशेब वेगळ्या कागदावर द्या. या महिन्याचं भाडं यायचं असेल तर दिवसाला ६०० प्रमाणे ११ दिवसांचे ६,६००. वीजबिल समजा १,४०० आलं, तर ५२,००० परत. मृत्युपत्र नसेल आणि कुटुंब हिंदू असेल, तर चेक आईच्या नावानं काढा. मुलाच्या वारसांत आई पहिल्या वर्गात येते, वडील दुसऱ्या. सही केलेली पावती घ्या.

सामान स्वतः आवरू नका. ते येतील तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर कुलूप उघडा, यादी करून दोघांच्या सह्या घ्या. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो तिथेच परत जायला हवा, यादीत तसं लिहा. पत्रात एवढं पुरे: 'खोली जशीच्या तशी बंद आहे. ११ तारखेनंतरचं भाडं नाही. तुम्हाला जमेल तेव्हा या, किंवा विश्वासातल्या माणसाला तुमच्या सहीचं पत्र देऊन पाठवा.'

सुमनताई: हे पत्र मला चालेल. हिशेबाचा कागद मात्र पाकिटात नको, ते आल्यावर हातात द्या.

परभणीकर: आकडा आधी कळला तर येण्याजाण्याचा खर्च कुठून करायचा ते ठरवता येतं, ताई.

रोखठोक: आणि फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर? पत्रात तारीख हवीच.

वकीलकाकू: तारीख लिहा, पण त्यांना फोनवर विचारून. मी महिनाअखेर म्हणेन.

कोथरूडकर: वडिलांशी बोललो. महिनाअखेरीस मामा येणार आहेत. हिशेबाचा कागद आत्ताच पाठवायचा का, ते उद्या मामांनाच विचारतो.