टॅब्लोतील सेट : निवडीबाहेरच्यांना ‘इतर’ म्हणावे की ‘उर्वरित’?

गिरणा (जळगाव)
जळगाव जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांच्या केळी-उत्पादनाचा डॅशबोर्ड मी टॅब्लोत मराठीतून करत आहे. पाहणाऱ्याने हव्या त्या तालुक्यांच्या पट्ट्यांवर क्लिक करावे आणि शेजारच्या आलेखात ते तालुके एकीकडे व बाकीचे सगळे दुसरीकडे दिसावेत, अशी मांडणी आहे. पडद्यावर मात्र `In` आणि `Out` एवढेच येते. सेटला मराठीत गट म्हणावे की संच, आणि `Out` साठी ‘इतर’ चालेल का?

पांझरा (धुळे)
ताई, तालुके एकत्र केले की गटच झाला. उगाच दुसरा शब्द कशाला?

तापीकाठ (भुसावळ)
पांझराभाऊंचे म्हणणे टॅब्लोतील ग्रुपला लागू पडते. ग्रुप डॅशबोर्ड करणारा एकदा ठरवून देतो आणि पाहणाऱ्याला तो बदलता येत नाही. सेट प्रत्येक तालुक्याला एकच प्रश्न विचारतो, तू आत की बाहेर, आणि २०१८.३ या आवृत्तीपासून सेट अ‍ॅक्शनमुळे या प्रश्नाचे उत्तर पाहणाऱ्याच्या क्लिकने बदलू शकते. म्हणून मी ‘संच’ म्हणेन.

‘इतर’ मात्र टाळावे. आपल्याकडच्या तक्त्यांत ‘इतर’ म्हणजे शेवटच्या ओळीतले किरकोळ, असा वाचकाचा समज असतो. इथे दोन तालुके निवडले तर बाहेर तेरा राहतात. त्यांना ‘उर्वरित’ हाच शब्द शोभतो. तालुक्यावर संच करून पुढील सूत्राचे फील्ड रंगावर टाकावे.

```
IF [निवड संच] THEN "निवडलेले" ELSE "उर्वरित" END
```

त्यानंतर डॅशबोर्डच्या `Actions` मध्ये `Change Set Values` घेऊन, तालुक्यांचा आलेख स्रोत म्हणून आणि हा संच लक्ष्य म्हणून द्यावा.

सातपुडा (नंदुरबार)
मलाही हेच हवे होते. मिरचीच्या वाणांपैकी ज्यावर क्लिक करू तेवढाच दिसावा आणि बाकीचे जावेत.

तापीकाठ
सातपुडाभाऊ, तुमचे काम साध्या फिल्टर अ‍ॅक्शनने होईल. फिल्टर लावला की बाकीचे आलेखातून निघून जातात आणि तुलनेला समोर कोणी उरत नाही. गिरणाताईंनीही लक्ष ठेवावे : तुलनेच्या आलेखावर तालुक्याचा दुसरा एखादा फिल्टर राहून गेला, तर त्याने गाळलेले तालुके ‘उर्वरित’मध्ये मोजलेच जात नाहीत, पण शीर्षक तेच राहते.

गिरणा
सर्व जोडले. नमुन्यादाखल काल्पनिक आकडे भरले आहेत : रावेर ६०० टन, यावल ४०० टन आणि बाकीचे तेरा तालुके मिळून १,३०० टन. रावेर-यावल निवडले तरी ‘उर्वरित’चीच पट्टी उंच दिसते, त्यामुळे हे दोन तालुके मागे आहेत असे वाटते.

तापीकाठ
कारण पट्टीत बेरीज आहे आणि दोघांची तुलना तेरांशी चालली आहे. बेरजेऐवजी दर तालुक्यामागचा आकडा घ्यावा.

```
SUM([उत्पादन]) / COUNTD([तालुका])
```

आता निवडलेल्यांचे १,००० भागिले २ म्हणजे ५००, आणि उर्वरितांचे १,३०० भागिले १३ म्हणजे १०० येतील. इथे `AVG` वापरू नये, कारण ते ओळींची सरासरी काढते. एखाद्या तालुक्याच्या गावनिहाय चाळीस ओळी आणि दुसऱ्याच्या दहाच असतील, तर उत्तर वेगळे येते. हेक्टरी उत्पादकता दाखवायची असेल, तर उत्पादनाच्या बेरजेला क्षेत्राच्या बेरजेने भागावे.

निवड सोडल्यावर काय व्हावे, हेही आधीच ठरवावे. `Remove all values from set` ठेवले, तर रिकाम्या जागी क्लिक होताच पंधराही तालुके ‘उर्वरित’ होतात आणि वाचक ‘कशातून उरलेले?’ असे विचारतो. `Keep set values` ठेवले तर शेवटची निवड टिकते. या डॅशबोर्डसाठी मला तेच योग्य वाटते.

पांझरा
गट आणि संच यांतला फरक पटला. पण माझ्या कापसाच्या डॅशबोर्डवर मी निवडलेल्या तालुक्यांसमोर ‘जिल्हा सरासरी’ ठेवली आहे. ती आणि ‘उर्वरित’ एकच नव्हे का?

तापीकाठ
नाही. जिल्हा सरासरीत निवडलेले तालुकेही मोजले जातात. वरच्याच आकड्यांत ती २,३०० भागिले १५, म्हणजे सुमारे १५३ येते, तर उर्वरितांची सरासरी १०० आहे. रावेर आणि यावल स्वतःच जिल्ह्याची सरासरी वर ओढतात, म्हणून तिच्याशी तुलना केली की फरक कमी दिसतो. तुमचे शीर्षक तुमच्या मांडणीला बरोबर आहे. फक्त त्या पट्टीला ‘उर्वरित’ म्हणता येणार नाही.

गिरणा
आणखी एक अडचण आहे. एखाद्या तालुक्याची त्या वर्षाची ओळच नसेल, तर `COUNTD` त्याला मोजत नाही आणि तेराऐवजी बाराने भागले जाते.

तापीकाठ
उत्पादन खरोखर शून्य असेल तर शून्याची ओळ भरावी, म्हणजे तो तालुका मोजला जाईल. माहितीच आलेली नसेल तर तो न मोजणेच बरोबर, असे माझे मत आहे.

पांझरा
मग त्या पट्टीला नुसते ‘उर्वरित’ लिहिणे मला पटत नाही. वाचक तेराही तालुके धरून चालेल. तिथे ‘माहिती मिळालेले उर्वरित’ असे लिहावे.

गिरणा
तेवढे शब्द पट्टीखाली मावत नाहीत. तूर्त मी ‘उर्वरित’ ठेवते आणि पट्टीवर कर्सर नेला की मोजलेल्या तालुक्यांची संख्या टूलटिपमध्ये दिसेल अशी सोय करते. याहून नेमका आणि आटोपशीर शब्द कोणाला सुचला तर अवश्य कळवावा.