अनुभव धागा: दप्तर आत, स्वेटर आत, मग रेनकोट कोणत्या मापाचा?

लेकीचा रेनकोट मी दुकानात तिला नुसत्या फ्रॉकवर घालून बघितला. छान बसला. पावसाच्या पहिल्याच दिवशी आतून स्वेटर आणि पाठीवर भरलेलं दप्तर, की समोरची बटणं लागेनात. कशीबशी लावली तर कॉलर गळ्यावर आली, टोपी मागे ओढली गेली आणि मागची कड गुडघ्याच्या बरीच वर चढली. शाळेत पोचली तेव्हा दप्तर कोरडं होतं, पण टोपी मागे सरकल्याने केस आणि कड वर गेल्याने मांड्यांची मागची बाजू, दोन्ही ओलं. आता दुसरा घ्यायचा आहे आणि पुन्हा अंदाजाने घ्यायचा नाही. तुम्ही माप कसं ठरवलंत, कुठे चुकलात, सगळं लिहा. मुलगी नऊ वर्षांची, उंची १३२ सेंटिमीटर.

दोन मुलांचा बाबा

आमच्याकडे सरळ नियम आहे: नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा. दप्तर आरामात मावतं, शिवाय पुढच्या वर्षीही चालतो. थोरल्याला तीन पावसाळे एकच पुरला. बाही लांब पडते, ती दुमडून द्यायची. फार मोजमाप करू नका ताई, मोठा घ्या आणि मोकळ्या व्हा.

प्राथमिक वर्गाची शिक्षिका

बाबांच्या नियमाची दुसरी बाजू मला रोज वर्गाच्या दारात दिसते. दुमडलेल्या बाहीच्या घडीत पाणी साठतं. मूल रेनकोट काढायला हात खाली करतं आणि ते सगळं पाणी आतल्या स्वेटरच्या बाहीवर येतं. मोठ्या रेनकोटची टोपीही मोठी, ती डोळ्यांवर येते, मग मुलं ती मागे टाकून डोकं भिजवत चालतात. जिन्यावर तर समोरची कड पायाखाली येते. एका मुलीला मी तीन पायऱ्यांवरून पडताना पाहिलं आहे. हात दप्तराच्या पट्ट्यांत आणि वरून बंद रेनकोट, त्यामुळे तिला वेळेवर हात टेकता आला नाही. तेव्हापासून दाराशी उभी राहून मी आधी मुलांच्या पायांकडे बघते.

बारा वर्षं रेनकोट शिवण्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर

ताई, तुमच्या मुलीच्या मापावरच सांगतो, म्हणजे नीट कळेल.

रेनकोटच्या लेबलावर वय किंवा छाती लिहिलेली असते, ती मुलाच्या अंगाची. दप्तराचा हिशोब त्यात नसतो. म्हणून लेबल बाजूला ठेवा आणि दोन मापं घ्या. मुलीला स्वेटर घाला, रोज जातं तेवढं भरलेलं दप्तर पाठीवर द्या, पट्ट्या रोजच्यासारख्या आवळा. टेप काखेखालून, छातीवरून आणि दप्तराच्या सर्वांत फुगलेल्या भागावरून फिरवा. ते घेराचं माप. दुसरं माप मानेच्या मागच्या हाडापासून, दप्तराच्या माथ्यावरून, पुढे सरळ खाली गुडघ्यापर्यंत. बहुतेक लोक पहिलं घेतात आणि दुसरं विसरतात. तुमची मागची कड वर चढली ती यामुळेच.

समजा मानेचं हाड जमिनीपासून ११० सेंटिमीटर आणि गुडघा ३६ वर आहे. म्हणजे मानेपासून गुडघ्यापर्यंत ७४. ८० लांबीचा रेनकोट दप्तराशिवाय गुडघ्याच्या ६ खाली येईल. आता १८ जाडीचं दप्तर, माथा खांद्याला लागून. कापड आधी १८ सेंटिमीटर मागे आडवं जाणार आणि मगच खाली पडणार. खाली पडायला उरले ६२, म्हणजे कड जमिनीपासून ४८ वर, गुडघ्याच्या १२ वर. तेच दप्तर १५ खाली लोंबत असेल तर कापड तिरकं उतरतं आणि लांबीचं नुकसान साधारण ८ वर येतं. पण रेनकोटसाठी पट्ट्या सैल करू नका, ओझं पाठीला खेचतं.

आता घेर. स्वेटरवरून ७० असणारी छाती दप्तरासकट सहज १०१ होते. त्यावर हात हलवायला ८ ते १० हवेत, म्हणजे रेनकोटचा घेर ११० च्या आसपास. दुकानात कोट सपाट पसरून काखेखाली आडवा मोजा आणि दुप्पट करा, तोच घेर. आमच्या कटिंगमध्ये एक नंबर वाढला की घेर ८ ने, लांबी ५ ने, बाही ४ ने वाढायची. ९६ घेराचा कोट तुमच्या मुलीचा असेल तर ११२ साठी दोन नंबर वर जावं लागतं. घेर मिळाला. पण लांबी ९० झाली, म्हणजे समोर कड जमिनीपासून जेमतेम २० सेंटिमीटर, आणि बाही ८ ने जास्त. मागे मात्र ९० मधून १८ गेले, कड गुडघ्याच्या २ वरच राहिली. बाबांचं म्हणणं घेरापुरतं बरोबर आहे. लांबी सगळीकडे सारखी वाढते आणि गरज फक्त मागे असते, तिथे ते फसतं.

दोन मुलांचा बाबा

मास्तर, टोपीचं आणि बाहीचं मला पटलं. आमचा मुलगा टोपी घालतच नाही, त्याचं कारण हेच असावं.

सातवीतल्या मुलाची आई

पाठीवर उघडणारी चेन असलेले रेनकोट मिळतात, चेन उघडली की आतून जादा कापड निघतं. आम्ही तो घेतला आणि मुलाच्या मापाचाच घेतला. बटणं लागतात, गळा ओढत नाही, बाही योग्य. तरी मागे कड वर जातेच. मला वाटलं होतं की चेनमुळे सगळंच सुटेल.

कटिंग मास्तर

तुमच्या कोटाची चेन मानेपासून सरळ खाली असणार. उभी कळी उघडली की रुंदी मिळते, लांबी मिळत नाही. काही कोटांत ती कळी वर खांद्याजवळ तिकोनी किंवा डब्यासारखी असते, तिथे माथ्यावर जाणारं कापडही मिळतं. दुकानात चेन उघडून आत हात घाला. वरच्या टोकाला मूठ अडकली तर फक्त रुंदीच आहे, तळहात आडवा मावला तर लांबीही आहे. आणि माथ्यावरच्या शिवणी उलटून बघा. दप्तराचा माथा सपाट असतो, पाणी तिथेच थांबतं. तिथल्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर पहिली गळती तिथेच.

नातवाला शाळेत सोडणारे आजोबा

मला वाटतं एवढा घोळ कशाला? दप्तराला वेगळं कव्हर घाला आणि मुलाला अंगाबरोबर रेनकोट. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला असंच कव्हर आहे, दुचाकीवर दोन वर्षं वापरतो, आतला कागद ओला झालेला नाही.

प्राथमिक वर्गाची शिक्षिका

काका, तुमचं कव्हर बहुधा बॅगेला चारी बाजूंनी बसत असेल. मुलांच्या दप्तराचं कव्हर पाठीकडून उघडं असतं. रेनकोटवरून ओघळणारं पाणी पाठ आणि दप्तर यांच्यामधून आत जातं आणि पाठीकडची वही आधी भिजते. खांद्यावर पट्टा दाबला गेला की रेनकोटच्या शिवणीतूनही पाणी झिरपतं. तरी ज्यांचं दप्तर फारच फुगीर आहे त्यांना मी कव्हरच सांगते, फक्त वह्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायच्या. बस किंवा गाडीत चढताना दप्तर काढायचं झालं तर सोय त्यातच आहे.

आठवीतला विद्यार्थी

मी पाँचो वापरतो, त्यात घेराचा प्रश्न येत नाही. दप्तर आत टाकलं की झालं. पण माझा पाँचो चारी बाजूंनी सारखा होता आणि दप्तर घातलं की मागून कमरेखाली जेमतेम यायचा, पुढून पोटऱ्यांपर्यंत. वाऱ्यात मागचा भाग उलटून डोक्यावर यायचा. आता मागे लांब पल्ला असलेला आहे, दप्तर नसेल तेव्हा तो टिचबटणांनी वर दुमडतो. अडचण एक राहिली आहे: रस्ता ओलांडताना मान वळवली तर टोपी तशीच समोर राहते आणि मला टोपीची आतली बाजू दिसते. मी टोपी हाताने धरून बघतो.

कटिंग मास्तर

बाळा, हे बरोबर पकडलंस. टोपी तोंडाबरोबर फिरायला हवी. मागच्या बाजूला आवळायची पट्टी असलेली टोपी बघ. टोपीत नाडी ओवू नकोस. युरोपात ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला नाडी चालवून घेत नाही, ती कशात तरी अडकून गळा आवळला जातो म्हणून. मोठ्या मुलांनाही मी पट्टीच सांगतो.

सायकलने जाणाऱ्या मुलीचे वडील

सायकलवर पाँचो घालावा का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. हँडलवर हात पुढे गेले की पाँचोचा पुढचा भाग तंबूसारखा होतो आणि पाय कोरडे राहतात, हे खरं. पण मागचा लांब पल्ला मागच्या चाकाशी जातो. मी कडेला आतून दोन पट्ट्या लावून त्या कमरेला बांधायला दिल्या. बायकोचं म्हणणं, मग उतरताना अडकेल. सध्या मुलगी मापाचा रेनकोट घालते आणि दप्तर कॅरिअरवर पिशवीत बांधते. पटलेलं कोणालाच नाही, कुणाकडे याहून चांगला उपाय असेल तर वाट बघतो.

धागा काढणारी

मास्तरांनी सांगितलं तसं मोजलं. घेर १०१ च आला, मानेपासून माथ्यावरून गुडघ्यापर्यंत ९२. दुकानात एक नंबर मोठा आणि पाठीवर उभी कळी असलेला मिळाला: लांबी ८५, कळी बंद असताना घेर १०४, उघडली की १२८. बटणं लागून मुलीने दोन्ही हात वर केले, वाकून बुटाची नाडी बांधली, गळा ओढला नाही. बाही ४ ने लांब आहे, पण मनगटाला आतून इलास्टिक असल्याने ती दुमडावी लागत नाही.

मागे मात्र कड गुडघ्याच्या ७ वर होती. जुन्या फाटक्या रेनकोटचा १२ सेंटिमीटर दिसेल एवढा पट्टा कापून तो मागच्या कडेला आतल्या बाजूने टिचबटणांनी लावला. वरचं कापड बाहेर आणि पट्टा आत, कौलांसारखं, म्हणजे ओघळ बाहेरच पडतो. आता दप्तरासह कड गुडघ्याच्या ५ खाली येते. दप्तराशिवाय तेच कापड जमिनीपासून १३ वर पोचतं, जिन्यावर अडकेल एवढं, म्हणून त्या दिवशी पट्टा काढून ठेवायचा.

तीन ओले दिवस झाले. मांड्या कोरड्या, टोपी जागेवर. दप्तराच्या माथ्यावर पाण्याचं तळं साचतं, ती वाकली की पुढे मानेवर येतं. त्यावर अजून काही सुचलेलं नाही.

कटिंग मास्तर

दप्तराच्या माथ्यावर आतून, कापडाखाली, पातळ वहीचा पुठ्ठा मागच्या बाजूला उतरता राहील असा ठेवून बघा. दोन दिवस वापरून सांगा, पुठ्ठा घसरतो की टिकतो ते मलाही बघायचं आहे.